हातातलंच तर आहे!

आमच्या खरवईत कुणी परदेशातून आलं की अर्ध्या तासात बातमी गल्लीभर होते. एमआयडीसीच्या वासासारखी. दार-खिडक्या बंद केल्या तरी पोचतेच. त्यामुळे फेब्रुवारी 2025 मध्ये मावशी दुबईहून आली आणि तिचे दोन्ही हात मोकळे दिसले, तेव्हा शेजारच्या काकूंनी चहाची वाटही पाहिली नाही. ‘‘अगं, पाटल्या कुठे तुझ्या?’’

पाटल्या कस्टम्सकडे होत्या. चार पाटल्या, प्रत्येकी दोन तोळ्यांची, 1986 सालच्या, मावशीच्या लग्नातल्या. आणि त्यांच्याबरोबर दुबईत घेतलेल्या दोन नव्या बांगड्या. मावशीच्या पर्समध्ये उरली होती एक पावती, वर ‘डिटेन्शन’ असं लिहिलेली.

आता मावशी म्हणजे काही स्मगलर नव्हे. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये तीस वर्षं चौथी सीट पकडून नोकरी केलेली बाई. रिटायर झाली, मुलाकडे तीन महिने राहून आली. आमचा दादा तिथे चार वर्षं नोकरीला आहे. परत यायच्या आदल्या दिवशी तो आणि वहिनी तिला देरा भागातल्या सोनेबाजारात घेऊन गेले, आणि ‘आईला काहीतरी द्यायचं’ म्हणून पंधरा-पंधरा ग्रॅमच्या दोन बांगड्या घेतल्या. बिल दादाच्या खिशात राहिलं. बांगड्या मावशीच्या हातात. जुन्या पाटल्या ती जाताना घालून गेली होती, तशाच घालून आली.

विमानतळावर दोन वाटा असतात हे सगळ्यांनाच माहीत असतं. हिरवी आणि लाल. मावशीच्या पुढचे सगळे हिरव्यातून गेले, तीही गेली. (आपण रिक्षाच्या लाइनीतही हेच करतो ना?) मशीनजवळच्या अधिकाऱ्याने विचारलं, ‘‘सोनं काही?’’ मावशी म्हणाली, ‘‘काही नाही हो.’’ तिच्या मते ते खरंच होतं. बॅगेत काही नव्हतं. नंतर मला म्हणाली, ‘‘हातातलंच तर आहे! त्यात सांगायचं काय?’’

या एका वाक्याने पुढचे नऊ महिने खाल्ले. म्हणून आज तेच.

पहिली गोष्ट. हिरव्या वाटेने चालत जाणं हेच एक निवेदन असतं. तुम्ही तोंड उघडा नाहीतर उघडू नका, त्या पट्टीवरून पुढे गेलात की ‘माझ्याकडे कर भरण्यासारखं काहीही नाही’ असं तुम्ही सांगितलंत असं धरतात. कस्टम्स कायदा 1962 चा आहे आणि त्यातलं कलम 77 सांगतं की सामानात काय आहे ते प्रवाशाने स्वतः जाहीर करायचं. विचारल्यावर नाही, आपणहून. बॅगेत असो, पर्समध्ये असो, की हातात असो.

दुसरी गोष्ट, जी मला स्वतःला माहीत नव्हती (मास कॉमच्या डिग्रीत हे शिकवत नाहीत). मावशीच्या वेळी 2016 चे बॅगेज रूल्स लागू होते. त्यात ‘रोजच्या गरजेच्या वैयक्तिक वस्तू’ विनाकर आणता यायच्या, पण त्या व्याख्येतून दागिने स्पष्टपणे वगळले होते. म्हणजे तुमचा टूथब्रश वैयक्तिक, मंगळसूत्र नाही! दागिन्यांसाठी वेगळी सवलत होती. बाईला 40 ग्रॅम, पुरुषाला 20 ग्रॅम. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एवढंच बसलेलं असतं. व्हॉट्सॲपवर पण एवढंच फिरतं. पण त्या वाक्याला दोन शेपट्या होत्या. एक, ही सवलत फक्त वर्षभराहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांना. मावशी राहिली होती तीन महिने. दोन, ग्रॅमबरोबर किमतीचीही मर्यादा होती, बाईला एक लाख आणि पुरुषाला पन्नास हजार. 2016 साली 40 ग्रॅम आणि एक लाख हे साधारण जुळत होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये 22 कॅरेटचा ग्रॅम जवळजवळ आठ हजारांवर होता, तेव्हा एक लाखात साडेबारा ग्रॅम यायचं. कागदावर 40, प्रत्यक्षात साडेबारा. नियम तोच, सोनं तेवढं पुढे पळालं.

मग मावशीसारख्या थोड्या दिवसांच्या पाहुण्याला काय होतं? त्याला प्रत्येक प्रवाशाची सरसकट सवलत असते, त्या वेळी 50 हजार रुपयांची, सगळ्या सामानासाठी मिळून. त्यात दागिना बसू शकतो. पण सोन्याचं बिस्कीट किंवा नाणं नाही. ते सवलतीच्या यादीतूनच बाहेर ठेवलेलं आहे, म्हणजे पहिल्या ग्रॅमपासून कर. ऑफिसमधलं कुणी ‘दुबईहून पाच ग्रॅमचं नाणं आण, एवढं चालतं’ म्हणालं, तर त्याला विचारा की कुठल्या नियमात.

आता मावशीचा हिशोब मांडू या. ढोबळच, पण त्यातून मुद्दा कळतो. नव्या बांगड्या 30 ग्रॅम, आठ हजारांनी 2 लाख 40 हजार. समजा ती लाल वाटेने गेली असती, बिल दाखवलं असतं आणि म्हणाली असती, ‘‘या दोन नव्या आहेत, या चार माझ्या जुन्या.’’ तर 50 हजारांची सवलत वजा होऊन 1 लाख 90 हजारांवर कर लागला असता. बॅगेजचा सरसकट दर तेव्हा 35 टक्के आणि त्यावरचा अधिभार धरून 38.5 टक्के होता. म्हणजे 73 हजार 150 रुपये.

‘‘एवढा?’’ असं तुम्ही म्हणणार, कारण जुलै 2024 च्या बजेटमध्ये सोन्यावरचा आयात कर 15 वरून 6 टक्क्यांवर आणल्याचं तुम्ही वाचलेलं असतं. तो कमी दर प्रवाशालाही मिळायचा, पण निदान सहा महिने बाहेर राहून येणाऱ्या भारतीयाला, तोही कर परकीय चलनात भरला तर. तीन महिन्यांच्या मावशीला नाही. म्हणजे आधी दिवस मोजायचे आणि मग ग्रॅम. आपण नेमकं उलटं करतो.

आणि त्या क्षणी खिशात 73 हजार नसतील तर? यावरही उपाय कायद्यातच आहे, कलम 80 मध्ये. खरं सांगून टाकलं असेल, तर वस्तू कस्टम्सकडे ठेवून पावती घेता येते आणि पुढच्या वेळी देश सोडताना ती परत मिळते. कर नाही, दंड नाही. मावशी तशीही वर्षभरात परत जाणारच होती. पण या कलमाची अट एकच, वस्तू आधी जाहीर केलेली असली पाहिजे. हिरव्या वाटेत पकडलेल्या माणसाला ते दार बंद.

मावशीची पावती दिसायला तशीच होती, पण तो प्रकार वेगळा होता. जाहीर न केलेला माल कलम 111 खाली जप्तीला पात्र होतो. त्यानंतर नोटीस, सुनावणी, आदेश असा प्रवास. मार्च 2025 मध्ये बंगळुरू विमानतळावर एका कन्नड अभिनेत्रीला 14 किलोहून जास्त सोन्यासकट पकडल्याची बातमी सगळ्या चॅनेलवर फिरत होती, तेव्हा आमच्याकडे घरातला टीव्ही बंद ठेवावा लागला. गल्लीतली पोरं मावशीला ‘मॅडम, किती किलो?’ विचारायची. तिने हसून घेतलं, पण रात्री मला फोन करून विचारलं, ‘‘मला पण आत टाकतील का गं?’’

नाही टाकलं. कलम 135 मध्ये सात वर्षांपर्यंतची कैद आहे, पण ती मालाचा बाजारभाव एक कोटीच्या वर किंवा बुडवलेला कर पन्नास लाखांच्या वर असेल तेव्हा. त्याखाली तीन वर्षांपर्यंतची तरतूद आहेच, पण मावशीच्या बाबतीत खटला भरला नाही. विचित्र गोष्ट ही की जप्तीचं कलम दोघींना तेच लागतं. किलो लपवणाऱ्याला आणि ‘हातातलंच तर आहे’ म्हणणाऱ्याला.

मी पत्रकार, म्हणून मावशीचं प्रकरण माझ्या गळ्यात. (ओळखपत्राचा उपयोग शून्य झाला, हे सांगते.) मी पहिल्यांदा विचारलं ते हे, की तिने तिथे सह्या कशावर केल्या? तीन कागदांवर. त्यातल्या एकावर आधीच छापलेलं होतं की मला कारणे दाखवा नोटीस नको, सुनावणी नको. थकलेला माणूस, रात्रीचे अडीच, बाहेर टॅक्सी थांबलेली. कुणीही सही करेल. पण दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये एका प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की अशा छापील कागदावरची सही म्हणजे नोटिशीचा हक्क सोडणं नव्हे. आणि नोटिशीलाही मुदत आहे. माल ताब्यात घेतल्यापासून सहा महिन्यांत ती द्यायची असते, लेखी कारण देऊन आणखी सहा महिने वाढवता येते, नाहीतर माल परत. म्हणून पावतीवरची तारीख लाल पेनाने कॅलेंडरवर लिहून ठेवायची. आमची नोटीस पाचव्या महिन्यात आली.

सुनावणीला खरा प्रश्न नव्या बांगड्यांचा नव्हता. त्या नव्या होत्या, झाकल्या गेल्या, विषय संपला. प्रश्न पाटल्यांचा होता. आठ तोळे. तेव्हाच्या भावाने सहा लाखांच्या पुढे. सोन्याच्या बाबतीत कलम 123 आहे, ज्यात हे चोरटं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सोनं सापडलं त्याच्यावर येते. चाळीस वर्षांपूर्वीचं बिल कुणाकडे असतं सांगा? मावशीच्या पाटल्या ज्या सराफाने केल्या त्याच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

मग आम्ही घर उपसलं. लग्नाचा अल्बम सापडला, काळापांढरा, पण पाटल्यांची नक्षी स्वच्छ दिसणारा. माझ्या आईच्या लग्नातला एक फोटो, 1991 चा, त्यातही त्याच पाटल्या. दादाच्या मुंजीतला रंगीत. आणि दुबईला जातानाचा, विमानतळाच्या दारात काढलेला सेल्फी, हात वर करून टाटा करताना! फोनमधल्या त्या फोटोत तारीख आणि वेळ दोन्ही होते. अंबरनाथच्या आमच्या सराफाने 2019 मध्ये एका पाटलीची फट जोडून दिली होती, त्याच्या वहीत वजन होतं. त्याने लिहून दिलं. शिवाय पाटल्या आतल्या बाजूने घासून गुळगुळीत झालेल्या. नवीन सोन्याला अशी झीज विकत मिळत नाही.

न्यायालयांचा कलही अशा वेळी मदतीला येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये एका प्रवासिनीच्या प्रकरणात अंगावरचे, वापरातले दागिने आणि विकायला आणलेलं सोनं यांत फरक केला होता. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक निकालांत तोच धागा धरला, की वापरातला वैयक्तिक दागिना सरसकट आडवता येत नाही. आमच्या अर्जात आम्ही हे लिहिलं. सप्टेंबरमध्ये सुनावणी, ऑक्टोबरमध्ये आदेश. पाटल्या सोडल्या. बांगड्या जप्त, पण कलम 125 खाली दंड भरून सोडवून घ्यायची मुभा.

ही मुभा हक्काची असतेच असं नाही, हे ध्यानात घ्या. माल निषिद्ध धरला तर ती द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात असतं. आम्हाला ती मिळाली. सोडवणुकीचा दंड 35 हजार, व्यक्तिगत दंड 20 हजार, आणि पूर्ण किमतीवर कर, कारण जाहीरच न केलेल्या मालाला 50 हजारांची सवलत मिळाली नाही. तो कर 92 हजार 400. एकूण 1 लाख 47 हजार 400. लाल वाटेचे 73 हजार आठवतात ना? बरोब्बर दुपटीहून वर. आदेश पटला नसता तर साठ दिवसांत आयुक्तांकडे अपील करता आलं असतं. दादा म्हणाला, नको, आईला पाटल्या मिळाल्या, बास. नोव्हेंबरमध्ये पैसे भरून बांगड्या घरी आल्या. मावशी अजून त्या घालत नाही. म्हणते, बघितलं की बीपी वाढतं.

मजा म्हणजे बरोब्बर वर्षाने, 2 फेब्रुवारी 2026 पासून, नवे बॅगेज रूल्स आले. सरसकट सवलत 50 हजारांवरून 75 हजारांवर गेली. आणि वर्षभर बाहेर राहून येणाऱ्यांच्या दागिन्यांवरची ती किमतीची मर्यादा काढून टाकली, आता फक्त वजन, बाईला 40 आणि बाकीच्यांना 20 ग्रॅम. ऑनसाइटहून दोन वर्षांनी परतणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हा मोठा दिलासा. पण वर्षाची अट आहे तिथेच आहे. दहा दिवसांच्या हनिमूनवाल्यांनी, तीन महिन्यांच्या मावश्यांनी 40 ग्रॅम विसरावं. करांचे दर तर दर बजेटला हलतात, तेव्हा निघायच्या आधी ताजा दर बघायचा, मागच्या वर्षी कुणीतरी सांगितलेला नाही.

आता पैशांचं. मावशीच्या पर्समध्ये थोडे दिरहम आणि 18 हजार रुपये होते, त्यावर कुणी काही बोललं नाही. भारतीय नोटा येता-जाता 25 हजारांपर्यंत चालतात. (नेपाळ-भूतानचं गणित निराळं आहे.) परकीय चलन भारतात कितीही आणा, फक्त नोटाच 5 हजार डॉलरच्या वर असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून 10 हजार डॉलरच्या वर जात असतील, तर करन्सी डिक्लरेशन फॉर्म भरायचा. आणि इथेच लोक घाबरून घोळ घालतात. त्यांना वाटतं, लिहून दिलं की कर लागणार. कर लागत नाही! तो फॉर्म म्हणजे फक्त नोंद. उलट तोच कागद नंतर बँकेत त्या नोटा भरताना आणि उरलेलं चलन परत बाहेर नेताना कामाला येतो. अमेरिकेतही तसंच, 10 हजार डॉलरच्या वर सांगायचं, एवढंच. मात्र तिथे एकत्र फॉर्म भरणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्र धरतात, त्यामुळे नवऱ्याकडे सहा आणि बायकोकडे सहा ही आयडिया चालत नाही. दुबईकडे ही रेषा 60 हजार दिरहमची आहे आणि तिथे ती नोटांबरोबर मौल्यवान धातूंनाही लागू आहे, जाताना आणि येताना दोन्ही. कायदेशीर कमाईचे पैसे केवळ न सांगितल्यामुळे अडकतात, हे बघून जीव तुटतो.

या वर्षी मावशीला परत जायचं होतं, नातवाच्या वाढदिवसाला. पाटल्या घरी ठेव म्हटलं तर ऐकेना. मग आम्ही ते काम केलं जे पहिल्यांदाच करायला हवं होतं. सरकारमान्य मूल्यांककाकडून चारही पाटल्यांचं वजन, शुद्धता, किंमत आणि फोटो असा दाखला घेतला. विमानतळावर नेहमीपेक्षा दीड तास आधी पोचलो. पाटल्या चेक-इनच्या बॅगेत टाकायच्या नाहीत, कारण अधिकाऱ्याला त्या प्रत्यक्ष दाखवाव्या लागतात. त्याने दाखल्याशी ताडून पाहिल्या आणि एक्सपोर्ट सर्टिफिकेट दिलं. हे सोनं भारतातूनच बाहेर गेलंय, याचा कागद. परत येताना लाल वाटेने जाऊन तो दाखवायचा, झालं.

मावशीने तो कागद तीनदा वाचला. मग मला म्हणाली, ‘‘अगं, इथे लॅमिनेशन कुठे करून मिळेल?’’